स्लाइड ११ ते १३ : सीमा, सातत्य आणि तीन श्रेणी

विद्यार्थी मित्रांनो,

मंगळवारी पहिल्या तासाला जिंतूर आणि पाथरीकडून एसटीने येणारे बरेच जण पोहोचू शकले नाहीत, आणि जे वर्गात होते त्यांच्याही वह्यांत ‘पद शून्याकडे जाते, म्हणून श्रेणी अभिसारी आहे’ हे वाक्य मला दिसले. ते चूक आहे, आणि परीक्षेत सर्वाधिक गुण तिथेच जातात. म्हणून या तीन स्लाइड पुन्हा सविस्तर लिहून देत आहे.

स्लाइड ११ वरील सीमा आणि स्लाइड १२ वरील सातत्य हे वेगळे धडे समजू नका. x = a येथे f सतत असेल आणि xₙ ची सीमा a असेल, तर f(xₙ) ची सीमा f(a) असते. श्रेणीचे पद तपासताना आपण हेच वापरतो.

पहिली श्रेणी Σ cos(1/n). 1/n ची सीमा 0 आहे आणि cos हे फल 0 येथे सतत आहे, म्हणून पदाची सीमा cos 0 = 1. पद शून्याकडे जात नाही, त्यामुळे श्रेणी अपसारी आहे. पुढे काही करायचे नाही.

दुसरी श्रेणी Σ sin(1/n). इथे त्याच सातत्यामुळे पदाची सीमा sin 0 = 0 येते, आणि नेमके इथेच बहुतेकांनी उत्तर लिहून टाकले. पद शून्याकडे जाणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. गुणोत्तर कसोटी लावली तर सीमा 1 येते, म्हणजे ती कसोटी निर्णय देत नाही. म्हणून 1/n शी तुलना करा:

sin(1/n) / (1/n) → 1

ही सीमा धन आणि सांत आहे, त्यामुळे दोन्ही श्रेणींचे भवितव्य एकच. आता Σ 1/n मध्ये 1/3 + 1/4 ही बेरीज 1/2 पेक्षा मोठी आहे, 1/5 ते 1/8 या चार पदांची बेरीजही 1/2 पेक्षा मोठी आहे, आणि असे गट कधीच संपत नाहीत. बेरीज इतकी सावकाश वाढते की १० ओलांडायला १२,३६७ पदे लागतात, तरीही ती कोणत्याही मर्यादेत राहत नाही. म्हणून Σ sin(1/n) अपसारी आहे.

तिसरी श्रेणी Σ n/2ⁿ. लगतच्या पदांचे गुणोत्तर (n+1)/(2n), त्याची सीमा 1/2, ती 1 पेक्षा लहान, म्हणून श्रेणी अभिसारी. आंशिक बेरजा 0.5, 1, 1.375, 1.625 अशा 2 कडे सरकतात. वहीत पहिली दहा पदे मांडून पाहा, बेरीज 1.988 च्या आसपास येते.

गुरुवारी Σ sin(1/n²) सोडवून आणा, आणि कोणत्या श्रेणीशी तुलना केली हे पहिल्याच ओळीत लिहा.