भित्तिपत्रक आणि सहा घंटा: कुड, वुड, मे यांच्या सरावासाठी वर्गनाट्य

इयत्ता सातवी, इंग्रजीचा एक तास, 40 मिनिटे

पात्रे: नेहा, ओंकार, सानिया, पार्थ, वर्गशिक्षिका, ग्रंथपाल, मुख्याध्यापक आणि सूत्रधार. सगळ्या भूमिका मुलांनीच करायच्या आहेत, मोठ्यांच्यासुद्धा. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसलेल्या मुलाला नकार देण्याचाही सराव होतो.

साहित्य: हातात धरायची घंटा, कात्री, मोठा कार्डशीट, खळ, एक जाड पुस्तक, दोन खुर्च्या आणि एक टेबल.

वेळेची वाटणी: उच्चारासाठी 5 मिनिटे, घंटेसह पहिल्या प्रयोगाला 15, न थांबता दुसऱ्या प्रयोगाला 5 आणि चिठ्ठ्यांना 15.

नियम एकच. विनंती आणि तिचे उत्तर इंग्रजीत बोलायचे, बाकी सगळे मराठीत. चुकीची वाक्ये संहितेत मुद्दाम घातली आहेत आणि त्यांच्यापुढे तसे लिहिले आहे. ती ठसक्यात म्हणायची. पुटपुटली तर वर्गाला चूक ऐकूच जाणार नाही.

सुरुवातीची पाच मिनिटे

सगळ्या वर्गाने एकत्र म्हणावे: कुड, वुड. या शब्दांत लिहिलेला ‘एल’ उच्चारात येत नाही. कोणी ‘कुल्ड’ म्हणाले तर तिथेच थांबवा. एकदा जिभेवर बसले की ते महिनोन्महिने निघत नाही. ‘वुड’ म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि वरचे दात खालच्या ओठाला लागत नाहीत. आपला ‘व’ बहुतेक वेळा दात टेकवून येतो, म्हणून मुलांना जोडीदाराच्या ओठांकडे बघायला सांगा.

मग ‘कुड यू हेल्प मी?’ दोनदा म्हणा. पहिल्यांदा सपाट आणि झटक्यात, दुसऱ्यांदा ‘हेल्प’वर जोर देऊन आणि शेवटी सूर जरा वर नेऊन. शब्द तेच असतात, पण पहिले दरडावल्यासारखे ऐकू येते. मुलांना हा फरक कानानेच कळू द्या, फळ्यावर लिहू नका.

प्रवेश पहिला: वर्ग

(जमिनीवर कार्डशीट पसरलेला आहे. नेहा आणि सानिया चित्रे चिकटवत आहेत. पार्थच्या हातात कात्री आहे. ओंकार घाईत आहे.)

ओंकार: अरे, बारापर्यंत भित्तिपत्रक लावायचंय! पार्थ, (चुकीचे वाक्य) गिव्ह मी द सिझर्स, प्लीज.

(घंटा.)

सूत्रधार: ‘प्लीज’ आहे, तरी हा हुकूमच झाला. वाक्य क्रियापदाने सुरू झालं की समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरत नाही. विनंती प्रश्नासारखी कर.

ओंकार: कुड यू पास मी द सिझर्स, प्लीज?

पार्थ: शुअर. हिअर यू आर.

(कात्रीची मूठ ओंकारकडे करून देतो.)

ओंकार: थँक यू.

सानिया: खळीचा वास डोक्यात चाललाय. पार्थ, वुड यू ओपन द विंडो, प्लीज?

पार्थ: आयम सॉरी, बट द पेपर्स विल फ्लाय अवे. शॅल आय ओपन द डोअर?

सानिया: येस, प्लीज.

(पार्थ दार उघडतो. इथे घंटा नाही. नकार कसा असावा ते वर्गाला दिसू द्या: आधी सॉरी, मग कारण, मग दुसरा मार्ग. नुसते ‘नो’ म्हणून थांबलेला नकार तोडून टाकल्यासारखा वाटतो.)

ओंकार: (कार्डशीटचे एक टोक धरून) नेहा, (चुकीचे वाक्य) मे यू होल्ड दिस शीट?

(घंटा.)

सूत्रधार: काम कोण करणार आहे?

ओंकार: नेहा.

सूत्रधार: मग ‘मे’ चालणार नाही. ‘मे’ने आपण स्वतःसाठी परवानगी मागतो: मे आय, मे वी. ‘मे यू’ आशीर्वादात येतं, ‘मे यू लिव्ह लाँग’ म्हणतात तसं. दुसऱ्याने काही करावं असं वाटत असेल तर कुड यू किंवा वुड यू.

ओंकार: वुड यू होल्ड दिस शीट, प्लीज?

नेहा: ऑफ कोर्स.

(वर्गशिक्षिका येतात.)

नेहा: बाई, पक्ष्यांची माहिती कमी पडतेय. मे वी गो टू द लायब्ररी, मॅडम?

वर्गशिक्षिका: येस, यू मे. कुड यू कम बॅक बाय हाफ पास्ट इलेव्हन?

नेहा: येस, मॅडम. वी विल.

प्रवेश दुसरा: ग्रंथालय

(ग्रंथपाल टेबलाशी नोंदी करत आहेत. चौघे आत येतात. आवाज हळू, पण शेवटच्या बाकाला ऐकू जाईल इतका.)

सानिया: एक्सक्यूज मी, मॅडम. कुड यू हेल्प अस फाइंड अ बुक ऑन बर्ड्स?

ग्रंथपाल: सर्टनली. इट्स ऑन द थर्ड शेल्फ.

(‘एक्सक्यूज मी’नंतर क्षणभर थांबा. ग्रंथपालांनी मान वर केल्यावरच पुढचे वाक्य. खाली मान घातलेल्या माणसावर विनंती सोडली तर ती पुन्हा म्हणावी लागते.)

पार्थ: (पुस्तक घेऊन येतो) मॅडम, (चुकीचे वाक्य) कुड आय लेंड दिस बुक?

(घंटा.)

सूत्रधार: पुस्तक कोण देतंय आणि कोण घेतंय? देणारा लेंड करतो, घेणारा बॉरो करतो. ‘आय’ने सुरुवात केलीस, म्हणजे तू घेणारा.

पार्थ: कुड आय बॉरो दिस बुक, प्लीज?

ग्रंथपाल: येस, यू कॅन.

पार्थ: अँड कुड आय कीप इट टिल मंडे?

ग्रंथपाल: (चुकीचे वाक्य) नो, यू कुडन्ट.

(घंटा.)

सूत्रधार: या वेळी चूक मोठ्या माणसाची! ‘कुड’ विचारताना नम्र वाटतं, पण परवानगी देताना किंवा नाकारताना ते वापरत नाहीत. उत्तर कॅन किंवा मे घेऊन द्यायचं.

ग्रंथपाल: आयम अफ्रेड यू कान्ट. अनदर स्टुडंट नीड्स इट ऑन सॅटर्डे.

पार्थ: दॅट्स ऑल राइट. आय विल रिटर्न इट ऑन फ्रायडे.

ग्रंथपाल: थँक यू. आय हॅव टू फाइंड द रजिस्टर. (चुकीचे वाक्य) वुड यू माइंड टू वेट?

(घंटा.)

सूत्रधार: ‘माइंड’च्या पुढे ‘टू’ येत नाही. क्रियापदाला ‘इंग’ लावा.

ग्रंथपाल: वुड यू माइंड वेटिंग फॉर टू मिनिट्स?

ओंकार: (उत्साहाने, चुकीचे वाक्य) येस, ऑफ कोर्स!

(घंटा. ग्रंथपाल भुवया उंचावतात.)

सूत्रधार: ओंकार, बाईंनी काय विचारलं ते मराठीत सांग.

ओंकार: दोन मिनिटं थांबाल का?

सूत्रधार: नाही. त्यांनी विचारलं, थांबायला काही हरकत आहे का? आणि तू म्हणालास, हो, आहे.

ओंकार: अरेच्चा! मग ‘नो’ म्हणायचं?

सूत्रधार: ‘नो’ म्हणजे हरकत नाही. पण एकटं ‘नो’ फटकन तोंडावर येतं, त्याच्या मागे ‘नॉट अ‍ॅट ऑल’ जोड.

ओंकार: नो, नॉट अ‍ॅट ऑल.

(सगळ्या नाटकात हीच जागा सगळ्यात अवघड आहे. इथे प्रयोग थांबवा आणि वर्गातल्या प्रत्येक जोडीकडून हा प्रश्न आणि हे उत्तर तीनदा म्हणून घ्या. क्रियापदे बदलत जा: क्लोजिंग द डोअर, स्पीकिंग स्लोली, मूव्हिंग युअर बॅग. दुसऱ्या फेरीत मुले पुन्हा ‘येस’वर घसरतात, कारण डोके हलवून होकार द्यायची सवय शब्दांच्या आधी धावते. उत्तर देताना होकाराची मान हलवू द्या, पण तोंडून ‘नो’च यायला हवे.)

प्रवेश तिसरा: मुख्याध्यापकांची खोली

(या प्रवेशात घंटा नाही. सूत्रधार बाजूला उभा राहून ऐकतो. नेहा दारावर टकटक करते.)

नेहा: मे आय कम इन, सर?

(उत्तर येईपर्यंत पाऊल उंबऱ्याबाहेरच. अर्धी आत येऊन परवानगी मागितली तर वाक्य बरोबर असूनही विनंती पोकळ होते.)

मुख्याध्यापक: येस, कम इन. व्हॉट कॅन आय डू फॉर यू?

नेहा: सर, अवर वॉल मॅगझीन इज रेडी. कुड वी पुट इट ऑन द नोटीसबोर्ड निअर द गेट?

मुख्याध्यापक: आयम अफ्रेड दॅट बोर्ड इज फुल. द एक्झाम टाइमटेबल इज देअर.

(नेहा सानियाकडे बघते. सानिया एक पाऊल पुढे येते.)

सानिया: आय सी, सर. वुड यू माइंड इफ वी यूज्ड द वॉल निअर द स्टेअर्स?

मुख्याध्यापक: नो, नॉट अ‍ॅट ऑल. बट वुड यू टेक इट डाउन ऑन फ्रायडे, प्लीज?

सानिया: येस, सर. वी विल. थँक यू.

(जाता जाता ओंकार वळतो.)

ओंकार: सर, कुड वी बॉरो युअर स्टेपलर, प्लीज?

मुख्याध्यापक: येस, हिअर यू आर. कुड यू ब्रिंग इट बॅक बिफोर लंच?

ओंकार: सर्टनली, सर.

(पडदा. सानियाच्या ‘यूज्ड’बद्दल कोणीतरी विचारेलच. ‘वुड यू माइंड इफ’नंतर क्रियापद भूतकाळाच्या रूपात येते. भिंत अजून वापरलेली नसते, पण हे रूप विनंतीला अंतर देते, म्हणून ती जास्त अदबीची वाटते. तसेच, ‘वुड यू’ला उत्तर ‘वी विल’ दिले आहे. ‘वी वुड’ म्हटले तर पुढे ‘पण’ येणार असे वाटते.)

चिठ्ठ्यांची फेरी

घंटा बाजूला ठेवून तिसऱ्या प्रवेशासकट सगळे नाटक एकदा सलग करा. चुकीच्या वाक्यांऐवजी या वेळी थेट दुरुस्त वाक्ये म्हणायची. मग जोड्या पाडा. एकाने विनंती करायची, दुसऱ्याने चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे होकार किंवा नकार द्यायचा, आणि पुढच्या चिठ्ठीला अदलाबदल.

पहिली चिठ्ठी: शिक्षकांनी सांगितलेले शेवटचे वाक्य ऐकू आले नाही. उत्तर होकाराचे. अपेक्षित वाक्य: कुड यू रिपीट दॅट, प्लीज?

दुसरी: बसमध्ये शेजारची जागा रिकामी आहे, पण तिथे अनोळखी आजींची पिशवी आहे. उत्तर होकाराचे. इथे ‘मे आय सिट हिअर?’ चालते आणि ‘वुड यू माइंड मूव्हिंग युअर बॅग?’सुद्धा. दोन्ही म्हणून घ्या, कारण पहिल्यात काम माझे आहे आणि दुसऱ्यात आजींचे.

तिसरी: फोनवर डॉक्टरांशी बोलायचे आहे, ते कामात आहेत. उत्तर नकाराचे. मे आय स्पीक टू द डॉक्टर, प्लीज? – आयम अफ्रेड द डॉक्टर इज बिझी. कुड यू कॉल आफ्टर फोर?

चौथी: जिवलग मैत्रिणीकडे खोडरबर मागायचे आहे. ‘कॅन आय यूज युअर इरेझर?’ एवढे पुरे. इथे कोणी ‘वुड यू माइंड इफ आय यूज्ड’ वापरले तर व्याकरण बरोबर धरा, पण मैत्रीण रुसली की काय असे वर्गाला वाटले का ते विचारा.

पाचवी: मागच्या बाकावरची मुले बोलत आहेत, तुम्हाला ऐकू येत नाही. उत्तर होकाराचे, पण ‘माइंड’ वापरायची सक्ती. वुड यू माइंड टॉकिंग सॉफ्टली? – नो, नॉट अ‍ॅट ऑल. सॉरी.