शनिवार, २१ नोव्हेंबर दुपारचे ‘कागद धुणे’ सत्र रद्द : बदललेले वेळापत्रक आणि आपला पर्याय (उत्तर मंगळवार, १७ नोव्हेंबर सायंकाळी ६ पर्यंत)

सप्रेम नमस्कार,

जुन्या कागदपत्रांच्या जतनाच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेतील एक सत्र आम्हाला रद्द करावे लागत आहे : शनिवार, २१ नोव्हेंबर, दुपारी २ ते ५, ‘कागद धुणे आणि आम्लता काढणे’. बाकीची सर्व सत्रे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आणि त्याच जागी होतील. अनेकांनी याच सत्रासाठी नाव नोंदवले होते, याची आम्हाला कल्पना आहे. त्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

कारण असे. प्रयोगशाळेतील डीआयोनाइज्ड पाण्याचा संच बिघडला आहे. कागद धुण्याच्या पाण्याची वाहकता ५ मायक्रोसीमेन्सच्या आत असावी असा आमचा नियम आहे. गुरुवारी ती २१० भरली. रेझिनची नळी आणि पंप, दोन्ही बदलावे लागणार असून सुटे भाग २६ तारखेच्या आधी मिळत नाहीत. ३६ जण, दोघांत एक याप्रमाणे १८ ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये ४ लिटर, तीन वेळा धुणे आणि शेवटी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे एक स्नान, असा हिशेब केला की २८८ लिटर पाणी लागते. बाहेरून कॅन मागवून पाहिले. तपासलेल्या पाचपैकी दोन कॅनचे पाणी मर्यादेबाहेर निघाले. नळाच्या पाण्याने भागवता येणार नाही. त्यातले लोह आणि तांब्याचे अंश कागदात राहिले तर पुढे तोच कागद लवकर ठिसूळ होतो. जतन शिकवताना नुकसानीची सवय लावणे आम्हाला मान्य नाही.

हे सत्र रविवारी का घेत नाही, असे काहींनी फोनवर विचारले. पाणी तर रविवारीही नसेल, शिवाय धुतलेले पान टीपकागदांत, वजनाखाली किमान रात्रभर ठेवावे लागते. रविवारी धुतलेले पान त्याच दिवशी दुरुस्तीला घेता येत नाही. चित्रफीत दाखवून सत्र पूर्ण झाले असेही आम्ही म्हणणार नाही. ओले पान आधाराच्या पॉलिएस्टर कापडासकट पाण्यातून कसे उचलायचे हे हातालाच कळावे लागते.

शनिवारचा दिवस आता असा असेल :

सकाळी ९.३० ते ११.३० : साठवणूक आणि आवेष्टने (बदल नाही)
दुपारी १२ ते १ : कीड आणि बुरशी (बदल नाही)
दुपारी २ ते ४ : नवे सत्र, ‘हा कागद धुवावा का? शाईची आणि आम्लतेची चाचणी’

नवे सत्र नुसते वेळ भरण्यासाठी ठेवलेले नाही. धुण्यातले बहुतेक अपघात पाण्यात पान सोडण्याआधीच ठरलेले असतात, कारण चाचणी घाईत उरकलेली असते. प्रत्येकाने सरावाच्या पानावर तीन वेगवेगळ्या शाया तपासायच्या आहेत : अक्षराच्या कडेला पाण्याचा बारीक थेंब, अर्ध्या मिनिटाने टीपकागदाचा तुकडा हलकेच दाबायचा आणि त्यावर रंग उतरला का ते भिंगातून पाहायचे. मग हीच चाचणी अल्कली द्रावणाने पुन्हा करायची, कारण साध्या पाण्यात टिकणारे काही रंग अल्कलीत बदलतात किंवा सुटतात. शिक्क्यांची आणि सहीची शाई वेगळी तपासायची. पानावरचा मजकूर टिकला म्हणून शिक्का टिकेलच असे नाही. त्यानंतर पीएच पट्टीने आम्लता मोजून पानाची नोंदपत्रिका भरायची. यासाठी दोन लिटर पाणी पुरते आणि तेवढे तपासलेले पाणी आमच्याकडे आहे.

रविवारच्या दुरुस्तीच्या सत्राला धक्का लागणार नाही. आपण स्वतः धुतलेल्या पानांऐवजी, आधीच्या तुकडीसाठी धुऊन वाळवलेली ४२ पाने आम्ही देऊ. जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ नेहमीप्रमाणे मिळेल.

आता आपला निर्णय. याच मेलला उत्तर देऊन फक्त एक अक्षर कळवा.

अ : तिन्ही दिवस येईन, शनिवारच्या नव्या सत्रालाही बसेन.
ब : येईन, पण शनिवारी दुपारी १ नंतर थांबणार नाही.
क : नोंदणी रद्द करतो/करते.

अ आणि ब या दोन्हींत एकूण शुल्काचा ३/१६ भाग आणि धुण्याच्या साहित्याचे वेगळे घेतलेले पूर्ण शुल्क परत मिळेल. १६ तासांपैकी ३ तासांचे ठरलेले शिक्षण आम्ही देऊ शकत नाही, म्हणून हा भाग आहे. नव्या सत्राचे शुल्क नाही. क निवडल्यास संपूर्ण शुल्क परत, कोणतीही कपात नाही. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात २६ नोव्हेंबरपर्यंत जमा होतील. त्यासाठी आम्ही कुणालाही लिंक पाठवणार नाही किंवा ओटीपी विचारणार नाही. तसा फोन आला तर तो आमचा नाही.

मंगळवारपर्यंत उत्तर आले नाही तर आपण ‘अ’ निवडले असे धरू, पण कृपया तशी वेळ आणू नका. प्रतीक्षायादीत नऊ जण आहेत आणि रिकामी जागा त्यांना बुधवारी सकाळीच कळवायची आहे. एका मेलवरून दोन-तीन जणांची नोंदणी केली असेल तर हे पत्र त्यांना पुढे पाठवा आणि प्रत्येकाच्या नावापुढे अक्षर लिहा. गोंधळ सर्वात जास्त इथेच होतो. केवळ शनिवार दुपारच्या सत्राची नोंदणी केलेल्यांना आम्ही आजच फोन करत आहोत. त्यांचे पूर्ण शुल्क परत होईल.

धुण्याचे सत्र शनिवार, १२ डिसेंबरला १८ जणांच्या दोन तुकड्यांत घेण्याचा विचार आहे : सकाळी १० ते १ आणि दुपारी २ ते ५. अ किंवा ब निवडलेल्यांना त्यासाठी वेगळे शुल्क नाही. यायचे असल्यास अक्षरापुढे ‘सकाळ’ किंवा ‘दुपार’ लिहा. मात्र संच दुरुस्त होऊन सलग तीन दिवस पाणी मर्यादेत आले तरच हे सत्र होईल. त्याचा निर्णय ५ डिसेंबरला कळवू, तोवर प्रवासाची तिकिटे काढू नका.

मुक्कामाची सोय शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही रात्री कायम आहे. ‘ब’ निवडणाऱ्यांनी शनिवारची खोली सोडायची असल्यास तेही लिहावे. सभागृहाहून निघणारी गाडी शनिवारी ५.१५ ऐवजी ४.१५ ला सुटेल. प्रमाणपत्रावर १६ ऐवजी १५ तास लिहिले जातील, ‘ब’ वाल्यांच्या १३. कार्यालयाकडून तासांची अट असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे सत्र रद्द झाल्याचे पत्र सोबत देता येईल.

सामानात थोडा बदल : अॅप्रन आणि रबरी हातमोजे नकोत. दहापट भिंग असेल तर आणा, लिहायला पेन्सिलच आणा. धुण्यासाठी घरची कागदपत्रे आणणार होता त्यांनी ती आणू नयेत. चाचणीसाठी एक साधे, कमी महत्त्वाचे पान पुरे. छायाचित्रे मुळीच नकोत, त्यांची चाचणी वेगळी असते.

शंका असल्यास नोंदणीच्या पोचपावतीवरील क्रमांकावर रोज सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत फोन करा. रविवारीही कुणीतरी असेल.

आपले,
कार्यशाळा समन्वय गट
शनिवार, १४ नोव्हेंबर २०२६