सात महिने, सात गाणी

प्रिय मुक्ता,

जून ते डिसेंबर, महिन्याला एक. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आहे, पण हक्कांच्या भानगडीमुळे तिकडे श्टुटगार्टला एखादं गाणं राखाडी दिसेल आणि वाजणार नाही. तेव्हा नुसतं नाव शोधू नकोस, कुणीतरी स्पर्धेत म्हटलेलंच आधी समोर येतं. खाली गायक-संगीतकार लिहिलेत, तेही टाक. शफल आणि ऑटोप्ले दोन्ही बंद ठेव, नाहीतर आशाबाईंच्या पाठोपाठ अ‍ॅप भलतंच काहीतरी सुरू करेल.

जूनला ‘ये रे घना’. शब्द आरती प्रभूंचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. पहिली सर आली की दादरला लोक आधी लोकल चालू आहेत का ते बघतात. अशा गावात हे गाणं ढगाला थेट मनात बोलावतं, म्हणून ते पहिलं.

जुलैला ‘गारवा’, 1998च्या अल्बममधलं. मिलिंद इंगळे गातो, त्याआधी सौमित्र कविता वाचतो. वाचन कापलेलं मिळालं तर ते सोड आणि दुसरं शोध. वाचनात ऊन आहे, गाण्यात गारवा. उन्हाशिवाय गारव्याला काय किंमत?

ऑगस्टचं ‘श्रावणात घननिळा’ मात्र घाईत ऐकू नकोस. पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, लताबाईंचा आवाज. एरवी भावगीतात एक अंतरा बसला की पुढचे त्याच चालीवर जातात. इथे खळ्यांनी प्रत्येक अंतऱ्याला वेगळी चाल दिली आहे. आधी सलग ऐक. मग फक्त एवढंच बघ, की अंतरा कुठल्याही वाटेने गेला तरी मुखड्याशी कसा येऊन मिळतो. गुणगुणायला घेतलंस तर नेमकी इथेच गडबड होते. दुसऱ्या अंतऱ्यात पहिल्याची चाल तोंडात येते आणि मग मुखडा सापडत नाही. एका दिवशी एकच अंतरा पाठ कर. हेडफोन लाव, फोनच्या स्पीकरवर मागची वाद्यं अर्धीच पोचतात.

सप्टेंबरला ‘मी डोलकर’. हेमंतकुमार आणि लताबाई, शब्द शांताबाई शेळक्यांचे. विसर्जनाचा महिना, समुद्र हवाच. मोठ्या आवाजात लाव, शेजारचे काय म्हणायचं ते म्हणोत.

ऑक्टोबरचं ‘शुक्रतारा, मंद वारा’ आपल्याला म्हणायचंय. पाडगावकर आणि खळे पुन्हा, मूळ आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचे. कॉलवर एकत्र गाण्याचा नाद सोडू. तुझा आवाज माझ्यापर्यंत उशिरा येतो, मी त्यासाठी थांबतो, मग तू माझ्यासाठी थांबतेस आणि लय रेंगाळत जाते. शिवाय कॉलचं अ‍ॅप मागच्या संगीताला गोंगाट समजून दाबून टाकतं. त्यापेक्षा असं करू. मी पाठवलेला ट्रॅक हेडफोनवर लाव, स्पीकरवर नको, नाहीतर तोही माइकमध्ये शिरेल. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा बाजूला धर, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर माइकवर बसणार नाही. ट्रॅकच्या पहिल्या ठोक्यावर एक टाळी वाजव. मीही वाजवीन, म्हणजे दोन्ही फायली टाळीवर टाळी ठेवून जुळवता येतील. मग आपापल्या ओळी. पाठवताना व्हॉइस नोट नको, फाइल डॉक्युमेंट म्हणून जोड, त्यात आवाज आणखी दाबला जात नाही. पट्टी उंच वाटली तर रेकॉर्ड करण्याआधी कळव. उतरवायची तर ट्रॅकचीच, दोघांसाठी सारखी. एकाने खाली आणि एकाने वर म्हटलं तर पुढे काही करता येत नाही.

नोव्हेंबरला संदीप खरेचं ‘नसतेस घरी तू जेव्हा’. याबद्दल काही लिहीत नाही. ऐक आणि फोन कर.

डिसेंबरला ‘सांज ये गोकुळी’. सुधीर मोघ्यांचे शब्द, श्रीधर फडक्यांची चाल, आशाबाईंचा आवाज, ‘वजीर’ चित्रपटातलं. तुझ्याकडे या महिन्यात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं मागे गेल्यापासून आपल्यात साडेतीन नाही, साडेचार तासांचं अंतर आहे, त्यामुळे इथे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. भांडी आवरून मी मोकळा असतो. तुझी शनिवारी सुट्टी असते ना? त्या दिवशी साडेचारला लाव, मी नऊला लावतो.

जानेवारीचं गाणं तू निवड. शब्द कुणाचे आणि चाल कुणाची, तेही लिहून पाठव.

तुझाच,
रोहन