मेंदीचा डबा

लग्नाच्या बोलणीत मृणालच्या आईने "जरा नाजूक आहे" एवढंच सांगितलं. निखिलला सगळं माहीत होतं. "घरच्यांचं मी बघतो," म्हणाला, आणि ते बघणं पुढे ढकलत राहिला. तसे बरेच नवरे ढकलतात.

साताऱ्याच्या घरात इन्सुलिनची जादा काडतुसं फ्रिजमध्ये, मेंदीच्या कोनांच्या डब्यात राहिली. टोचायचं चालू पेन पर्समध्ये. जेवायची वेळ झाली की "आलेच हं" म्हणून ती बाथरूममध्ये जायची. दोन पुरणपोळ्यांच्या हिशेबाने टोचून यावं, तर सासूबाई आग्रहाने तिसरी वाढायच्या. मग पुन्हा "आलेच हं". मोठी जाऊ गालात हसायची.

हरतालिकेला निर्जळी उपवास होता. रात्रीचं इन्सुलिन मात्र तिने नेहमीएवढंच घेतलेलं. दुपारी वाळूची पिंड करताना हात थरथरू लागले, पाठ घामाने भिजली. मीटरवर साखरेचा आकडा ५२, फारच खाली. तिने स्वयंपाकघर गाठलं आणि डब्यातली साखर चमच्याने तोंडात कोंबली.

"उपवास मोडलास?" दारात सासूबाई.

"आई, मला डायबेटीस आहे. टाइप वन. दहा वर्षांची होते तेव्हापासून."

"लहानपणी गोड फार खायचीस का?"

"गोडाने नाही होत हा. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीरच मारून टाकतं. म्हणून बाहेरून घ्यावं लागतं." पुढचं बोलायला जीभ वळेना. पंधरा मिनिटांनी आकडा ८१ झाला, तोवर सासूबाई निघून गेल्या होत्या.

पुढे काही दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. मग भाजी निवडताना एकदम म्हणाल्या, "आजाराचं काही नाही गं. माझ्या हातचं जेवायचीस आणि माझ्यापासूनच चोरून?" मृणालकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "आणि मुलंबाळं?"

"होतात. आधीपासून साखर ताब्यात ठेवावी लागते, एवढंच."

त्या रात्री ती पहिल्यांदा पानावर बसून टोचून घेऊ लागली. अप्पांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. तो उलटा होता. सासूबाई पोळीचा डबा उघडून थांबल्या. "किती वाढू ते आधीच सांग. मागाहून आग्रह नाही करणार." निखिल मान खाली घालून जेवत होता. त्याच्याशी तिचं भांडण व्हायचं होतं, ते नंतर झालं.

घराबाहेर मात्र सासूबाईच लपवू लागल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चुलतसासूने विचारलं, "सूनबाईला काय होतं गं? उपवास सोडलेत म्हणे?"

"ॲसिडिटी," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"ॲसिडिटी नाही, काकू. टाइप वन डायबेटीस," मृणाल म्हणाली. आवाज चढाच लागला. दोन बायका वळून बघू लागल्या.

"अगंबाई! कारल्याचा रस घे की. त्या सुयांची सवय लागते."

"सवय नाही, गरज आहे. कारलं कितीही प्यायले तरी इन्सुलिन सोडलं की मी आठवडाभरसुद्धा धड राहणार नाही."

काकूंनी तिळगुळाचं ताट आवरतं घेतलं. सासूबाईंनी ते त्यांच्या हातून काढून मृणालपुढे केलं.

"किती घेतेस?"

"दोन. थांबा, टोचून घेते."