‘भोसल्यांचे नागपूर आणि मध्य प्रांत’ : प्रश्नसंच, उत्तरे व स्पष्टीकरणे

मा. कार्यवाह, सप्रेम नमस्कार.

आपण संदेशात चिकटवून पाठवलेले प्रकरण वाचले. स्पर्धकांची इयत्ता आपण कळवली नव्हती. धरमपेठेतील आपल्या वाचनालयात शाळकरी मुलांच्या शेजारी निवृत्त मंडळीही बसतात, हे ध्यानात घेऊन दहावीची पातळी धरली आहे. प्रकरण लहान असल्याने पाचच प्रश्न काढले, कारण दहा काढले असते तर निम्मे नुसत्या सनावळीचे झाले असते. चूक-बरोबर हा प्रकार मुद्दाम टाळला आहे. त्यात न वाचलेल्यालाही अंदाजाने गुण मिळतात.

प्र. १. योग्य पर्याय निवडा. (१ गुण)
नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, तेव्हा नागपूरच्या गादीवर कोण होते?
(अ) दुसरे रघुजी (आ) आप्पासाहेब (इ) तिसरे रघुजी (ई) जानोजी

उत्तर : (आ). दुसरे रघुजी १८१६ मध्येच वारले होते आणि तिसरे रघुजी लढाईनंतर गादीवर आले.

प्र. २. कालानुक्रमे लावा. (२ गुण)
मध्य प्रांताची स्थापना, वऱ्हाड मध्य प्रांताला जोडणे, सीताबर्डीची लढाई, नागपूर खालसा होणे.

उत्तर : सीताबर्डी (१८१७), खालसा (१८५४), मध्य प्रांत (१८६१), वऱ्हाड (१९०३).
पुष्कळजण येथे वऱ्हाड आधी लिहितील, आणि त्यांचे अगदीच चुकते असेही नाही. निजामाने वऱ्हाड १८५३ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात दिले होते; परंतु त्याचा कारभार पुढे पन्नास वर्षे हैदराबादच्या रेसिडेंटकडे राहिला. प्रश्नात ‘जोडणे’ विचारले आहे, ‘ताब्यात येणे’ नव्हे, हा फरक उत्तरे सांगताना अवश्य समजावून द्यावा.

प्र. ३. कारण लिहा. (२ गुण)
डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले.

उत्तर : तिसरे रघुजी १८५३ मध्ये औरस पुत्राशिवाय वारले आणि कंपनीने दत्तकाचा वारसाहक्क मानला नाही. केवळ ‘वारस नव्हता’ असे लिहिल्यास एकच गुण द्यावा, कारण खरा वाद दत्तकाचा होता.

प्र. ४. एका वाक्यात उत्तर लिहा. (१ गुण)
कोणते दोन प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत स्थापन झाला?

उत्तर : नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत स्थापन झाला.

प्र. ५. विचार करून लिहा. (४ गुण)
सीताबर्डीच्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी काही काळ भोसल्यांच्या फौजेने घेतली होती. इंग्रजांना ती परत मिळवणे का भाग होते?

उत्तर : दोन्ही टेकड्या अगदी जवळजवळ असल्याने लहान टेकडीवरून मोठ्या टेकडीवर मारा करता येत होता, आणि मोठी टेकडी गेली असती तर तिच्या आश्रयाने असलेली रेसिडेन्सीही उघडी पडली असती. टेकड्यांमधील अंतराचा विचार करणाऱ्यास दोन आणि रेसिडेन्सीचा उल्लेख करणाऱ्यास दोन गुण द्यावेत. शब्दरचना प्रकरणाशी तंतोतंत जुळण्याचा आग्रह नसावा.