मिक्सर कसा चाललाय? दोन ओळी लिहाल का?

नमस्कार. खडेबाजारातल्या मिक्सर-कुकर दुरुस्तीच्या दुकानातून लिहितोय.

मागच्या महिन्यात आम्ही ‘पाच स्टार द्या, 50 रुपये सूट घ्या’ असा मेसेज धाडला होता. तो सोडून द्या, चूक आमची. सवलत देऊन घेतलेला अभिप्राय गुगलच्या नियमात बसत नाही, आणि खरं तर ‘लय भारी’ वाचून आम्हालाही काही कळत नाही.

तुमचा मिक्सर नेऊन आठवडा झाला. सवड असेल तर बिलामागचा क्यूआर कोड मोबाईलनं स्कॅन करा, लिहायची जागा थेट उघडेल. स्टार वाटतील तेवढे द्या. आवाज कमी झाला का? सांगितल्या दिवशी मिळाला का? पैसे ठरले तेवढेच घेतले का? एवढं पुरे. मराठीत लिहा, कन्नडात लिहा.

शहापूरच्या एका काकूंनी ‘चटणीचं भांडं अजून गळतंय’ असं लिहिलं, म्हणून तर कळलं. वॉशर फुकट बदलून दिला. त्यांचे दोन स्टार तसेच आहेत, असू देत.

तक्रार याच नंबरवर कळवली तरी चालेल, तिकडे लिहिली तरी चालेल. लिहायचं नसेल तर राहू दे, पुन्हा मेसेज येणार नाही.