संपादकांना सादरीकरण पत्र: ऊसशेतीत काम करणाऱ्या सात रुग्णांमधील पिथियम केरायटिस

कोल्हापूर
9 जून 2025

माननीय संपादक महोदया,
सविनय नमस्कार.

‘ऊसशेतीत काम करणाऱ्यांमधील पिथियम इन्सिडिओसम केरायटिस: सात रुग्णांची मालिका’ हे हस्तलिखित आपल्या नियतकालिकाच्या ‘रुग्णमालिका’ विभागासाठी पाठवत आहोत. जून 2022 ते डिसेंबर 2024 या काळात कोल्हापुरातील आमच्या नेत्रविभागात आलेल्या सात रुग्णांचे सात डोळे यात आहेत.

सातही जण पंचगंगेच्या काठच्या शिवारांत राबणारे. पाचट काढताना पात्याचा फटका बसला, किंवा तुंबलेल्या पाण्यात काम करताना ते पाणी डोळ्यात उडाले, असे जवळजवळ प्रत्येकाने सांगितले. आमच्याकडे येण्यापूर्वी सहा जणांना बुरशीचा अल्सर समजून नाटामायसिन सुरू झाले होते. यात उपचार करणाऱ्यांना दोष देता येणार नाही, कारण केओएचच्या काचपट्टीवर पिथियमचे तंतू बुरशीसारखेच दिसतात. पण पिथियम ही खरी बुरशी नाही. तिच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल जवळपास नसते, म्हणून त्याच्यावर मारा करणारे नाटामायसिन इथे चालत नाही. औषध चालू असते आणि डोळा हातचा जात असतो.

पिथियम केरायटिसच्या भारतातील मोठ्या मालिका प्रामुख्याने दक्षिणेकडील नेत्रसंस्थांमधून आल्या आहेत. केवळ ऊसशेतीत काम करणाऱ्यांची अशी मालिका आम्ही घेतलेल्या शोधात आढळली नाही. तरी आम्हाला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. चौथ्या रुग्णापासून आम्ही प्रत्येक संशयित खरवडीवर आयोडीन आणि सल्फ्युरिक आम्लाची रंजनचाचणी करू लागलो. पिथियमच्या भित्तीत सेल्युलोज असल्याने तंतू निळसर काळे होतात, बुरशीचे पिवळट राहतात. यासाठी साधा सूक्ष्मदर्शक पुरतो आणि उत्तर त्याच दिवशी मिळते. पहिल्या तिघांचे निदान कल्चरनंतर झाले. त्यांतल्या दोघांना उपचारात्मक नेत्रपटलरोपण करावे लागले, एकाचा डोळा काढावा लागला. नंतरच्या चौघांना लगेच लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन सुरू केले. तिघे औषधांवर बरे झाले, एकाला रोपण लागले. अर्थात हे चौघे आमच्याकडे लवकर पोहोचले होते, त्यामुळे सगळे श्रेय चाचणीला देता येत नाही. हस्तलिखितात हे स्पष्ट लिहिले आहे. सातही निदानांची खात्री झूस्पोर निर्मिती आणि पीसीआर अनुक्रमणाने केली आहे. तिसऱ्या आकृतीतील छायाचित्र कृपया जरूर पाहावे: व्रणाच्या कडेबाहेर मुळांसारख्या फुटलेल्या बारीक रेषा आणि भोवती ठिपक्यांची जाळी. स्लिट लॅम्पवर एवढे दिसले, तर संशय घ्यायलाच हवा.

अभ्यासाला आमच्या संस्थात्मक नैतिकता समितीची मंजुरी आहे (क्रमांक नेत्र/2025/14, दिनांक 12 मार्च 2025). आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आणि हेलसिंकी जाहीरनामा पाळला आहे. नोंदी पूर्वलक्षी असल्या, तरी माहिती आणि छायाचित्रे छापण्यासाठी प्रत्येकाची मराठीतून लेखी संमती घेतली. एका आजींना वाचता येत नव्हते. त्यांना मजकूर वाचून दाखवून साक्षीदारासमोर अंगठा घेतला. सोळा वर्षांच्या मुलाबाबत आईची संमती आणि त्याची स्वतःची अनुमती, दोन्ही आहेत. गाव आणि तारीख एकत्र आली की आमच्या भागात माणूस लगेच ओळखला जातो, म्हणून जिल्ह्यापलीकडचा पत्ता आणि नेमक्या तारखा काढल्या आहेत.

लेखक चार आहेत. पूर्ण नावे शीर्षकपृष्ठावर, इथे आद्याक्षरे. अभ्यासाची कल्पना, रुग्णोपचार आणि पहिला मसुदा मी (स. पा.) केला. वि. जा. यांनी रोपणशस्त्रक्रिया केल्या आणि नंतरच्या तपासणीच्या नोंदी जुळवल्या. सूक्ष्मजीवशास्त्राची बाजू, म्हणजे कल्चर, झूस्पोर निर्मिती आणि अनुक्रमणाचे वाचन, रे. कु. यांची. प्रयोगशाळा तंत्रज्ञ मा. चौ. यांनी रंजनचाचणी आमच्याकडे बसवली, सर्व काचपट्ट्या पुन्हा तपासल्या आणि पद्धतीचा भाग लिहिला; तंत्रज्ञांना आभारात ढकलण्याची रीत इथे अन्यायाची झाली असती. चौघांनीही मसुदा तपासून अंतिम प्रत मान्य केली आहे आणि आयसीएमजेईचे चारही निकष प्रत्येकजण पूर्ण करतो. विभागप्रमुखांनी खाटा आणि वेळ मिळवून दिला, पण लेखनात सहभाग नसल्याने त्यांच्याच सांगण्यावरून त्यांचे नाव आभारात आहे.

हे काम अन्यत्र प्रसिद्ध झालेले नाही आणि दुसरीकडे विचाराधीनही नाही. बाहेरचे अर्थसाहाय्य नव्हते, कोणाचेही हितसंबंध नाहीत. ओळख काढलेला तक्ता आणि काचपट्ट्यांची मूळ छायाचित्रे परीक्षकांना हवी असल्यास लगेच पाठवू. परीक्षकांपैकी एक तरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असावा, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
स. पा.
पत्रव्यवहारासाठी लेखिका, सर्व लेखकांच्या वतीने
नेत्रविभाग, कोल्हापूर